झूम करून स्पर्शिका शिकवताना : दोन तासिकांचा आराखडा

अकरावीला विकलन सुरू करताना बहुतेक शिक्षकांपुढे एक अडचण हमखास येते. ‘स्पर्शिका म्हणजे काय?’ असं विचारलं की वर्ग एका सुरात सांगतो, ‘एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा.’ दहावीच्या ‘वर्तुळ’ या प्रकरणात मुलं हेच शिकून आलेली असतात आणि वर्तुळापुरतं ते अचूक आहे. मात्र वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं की हे वाक्य दोन्ही बाजूंनी फसतं. y = x² या अन्वस्ताला x = 1 ही उभी रेषा एकाच बिंदूत भेटते, पण ती स्पर्शिका नाही. उलट y = x³ या वक्राची (1, 1) मधली स्पर्शिका y = 3x − 2 ही त्याच वक्राला (−2, −8) मध्ये पुन्हा भेटते, तरीही ती स्पर्शिकाच आहे.

मग नवं काय सांगायचं? सीमा शिकवण्याआधी स्पर्शिका दाखवता येईल का? आणि वर्गात प्रोजेक्टर नसेल तर? शिक्षक, शिकवणी घेणारे आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांच्यासाठी हा दोन तासिकांचा आराखडा आहे. यात वक्राच्या एका बिंदूपाशी झूम करत जायचं आणि वक्र कोणत्या रेषेला चिकटत जातो ते मोजायचं. नुसतं पाहून भागत नाही, मोजावं लागतं. या पाठाचं सगळं सार त्या मोजण्यात आहे.

वक्राला खूप मोठं करून पाहिलं की तो सरळ दिसू लागतो, या गुणावरून कलनशास्त्राची सुरुवात करावी, असा आग्रह इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातले गणितशिक्षणतज्ज्ञ डेव्हिड टॉल यांनी 1980च्या दशकापासून धरला. पुढचा आराखडा त्याच वाटेने जातो, फक्त संगणकाऐवजी आलेख कागदापासून सुरुवात करतो.

तुम्हाला काय लागेल

- प्रत्येक गटाला एक आलेख कागद, मिलिमीटरच्या रेघांचा. निदान 10 सेमी रुंद आणि 21 सेमी उंच जागा मोकळी हवी.
- टोकदार पेन्सिल, लांब पट्टी, साधा कॅल्क्युलेटर.
- मुलांना आधीपासून येणाऱ्या दोन गोष्टी : रेषेचा चढ काढणं (दहावीचं ‘निर्देशक भूमिती’ हे प्रकरण) आणि (1 + h)² चा विस्तार.

सीमेची व्याख्या लागत नाही. विकलज हा शब्दही दुसऱ्या तासिकेच्या शेवटापर्यंत उच्चारू नका.

आधी एक निर्णय : भिंग की नवा आलेख?

काही शिक्षक छापील आलेखावर भिंग धरायला सांगतात, काही आलेखाचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवतात. हे दोन्ही टाळा. भिंगाखाली वक्राबरोबर शाईची रेघही जाड होते, त्यामुळे नवी माहिती काहीच मिळत नाही. आपल्याला हवं आहे ते वेगळं : लहान चौकट निवडायची, त्या चौकटीतले बिंदू नव्याने काढायचे आणि तेवढाच तुकडा पूर्ण कागदावर पुन्हा काढायचा. रेघेची जाडी तीच राहते आणि वक्राचा तपशील मोठा होतो. आलेखाचं सॉफ्टवेअर झूम करताना हेच करतं. मुलांनी हे एकदा हाताने केलं की पडद्यावरच्या झूमवर त्यांचा विश्वास बसतो.

पहिली तासिका : तीन कागद

वक्र y = x² आणि बिंदू (1, 1) घ्या. वर्गाचे तीन प्रकारचे गट करा. प्रत्येक गटाने एकच कागद काढायचा, म्हणजे वीस मिनिटांत काम उरकतं. तिन्ही कागदांवर चौकटीची रुंदी 10 सेमी आहे आणि (1, 1) हा बिंदू रुंदीच्या बरोबर मध्यावर आहे. फरक आहे तो प्रमाणाचा.

- कागद 1 : x चे मूल्य 0 ते 2. दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 0.2.
 बिंदू : (0, 0), (0.5, 0.25), (1, 1), (1.5, 2.25), (2, 4).
- कागद 2 : x चे मूल्य 0.9 ते 1.1. दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 0.02.
 बिंदू : (0.9, 0.81), (0.95, 0.9025), (1, 1), (1.05, 1.1025), (1.1, 1.21).
- कागद 3 : x चे मूल्य 0.99 ते 1.01. दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 0.002.
 बिंदू : (0.99, 0.9801), (0.995, 0.990025), (1, 1), (1.005, 1.010025), (1.01, 1.0201).

कागद 1 वर (1, 1) हा बिंदू तळापासून 5 सेमी उंचीवर घ्या, कागद 2 आणि 3 वर 10 सेमी उंचीवर. म्हणजे वक्र कागदाबाहेर जाणार नाही.

इथे मुलं हमखास अडकतात. 1.1025 हा आकडा 1 सेमी = 0.02 या प्रमाणावर कुठे मांडायचा, ते त्यांना चटकन उमगत नाही. त्यांना थेट निर्देशक मांडायला लावू नका. ‘(1, 1) पासून किती वर?’ असं विचारा. 1.1025 मधून 1 वजा केला की 0.1025 उरतो. त्याला 0.02 ने भागलं की 5.125 सेमी. म्हणजे 2.5 सेमी उजवीकडे आणि पाच सेंटिमीटरहून जेमतेम एक मिलिमीटर जास्त वर. सगळे बिंदू असेच मध्यबिंदूपासून मोजायचे.

बिंदू सलग वक्राने जोडताना पट्टी वापरू देऊ नका. तिसऱ्या कागदावरची मुलं म्हणतील, ‘सर, ही तर सरळ रेघच येतेय.’ त्यावर लगेच काही सांगू नका, पुढच्या मापाकडे वळा.

पहिली तासिका : चढ वाचणं

तिन्ही कागद फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवा. आता प्रत्येक कागदावर मध्यबिंदूपासून उजव्या कडेपर्यंत वक्र किती सेंटिमीटर चढला आणि डाव्या कडेपर्यंत किती उतरला, ते मुलांना मोजू द्या. आडवं अंतर प्रत्येक वेळी 5 सेमीच आहे, तेव्हा 5 ने भागलं की चढ मिळतो.

| | उजवीकडे चढला | उजवा चढ | डावीकडे उतरला | डावा चढ |
|---|---|---|---|---|
| कागद 1 | 15 सेमी | 3 | 5 सेमी | 1 |
| कागद 2 | 10.5 सेमी | 2.1 | 9.5 सेमी | 1.9 |
| कागद 3 | 10.05 सेमी | 2.01 | 9.95 सेमी | 1.99 |

शेवटच्या ओळीतलं अर्ध्या मिलिमीटरचं माप पट्टीने अचूक घेता येत नाही. तिथे मुलांना निर्देशकांवरून गणित करू द्या आणि कागदावरचं माप त्याच्याशी जुळतंय का, एवढंच पाहा.

तक्ता पूर्ण झाला की दोनच प्रश्न विचारा. उजवे चढ कुठे निघाले आहेत? आणि डावे? एक वरून खाली येतोय, दुसरा खालून वर जातोय, आणि दोघांच्या मधे 2 आहे. चौथा कागद काढला असता तर कोणते आकडे आले असते, हे मुलं स्वतःहून सांगतात : 2.001 आणि 1.999. पहिली तासिका इथेच संपवा.

इथे एक चूक टाळा

काही मुलं कागदाच्या डाव्या कडेपासून थेट उजव्या कडेपर्यंत चढ मोजतात आणि त्यांना तिन्ही कागदांवर बरोबर 2 मिळतो. (15 + 5 असो वा 10.5 + 9.5, बेरीज 20 च येते आणि ती 10 ने भागायची.) मग त्यांना वाटतं, झूम करायची गरजच काय होती? हा योगायोग y = x² सारख्या वर्गपदीच्या आलेखांपुरताच आहे. y = x³ वर (1, 1) पाशी हेच केलं तर 0.9 ते 1.1 या चौकटीत चढ 3.01 येतो. पाहिजे तो 3, तेव्हा तिथे झूम करावंच लागतं. त्या मुलांचं मोजणं चुकलेलं नाही, तसं त्यांना स्पष्ट सांगा आणि घरी x³ करून पाहायला लावा.

दुसरी तासिका : दोन रेषांची स्पर्धा

पहिल्या तासिकेतून 2 हा आकडा मिळाला. पण त्याच बिंदूतून अगणित रेषा जातात. त्यांतली 2 चढाचीच का निवडायची? आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. त्याला घाई करू नका.

तिन्ही कागदांवर (1, 1) मधून दोन रेषा काढायला सांगा :

1. निळी रेषा, चढ 2. मध्यापासून 5 सेमी उजवीकडे, 10 सेमी वर.
2. लाल रेषा, चढ 2.1. मध्यापासून 5 सेमी उजवीकडे, 10.5 सेमी वर.

दोन्ही रेषा डावीकडेही वाढवा. कागद 1 वर त्या तळाशी कागदाबाहेर जातील, तिथे थांबा.

आता मुलांच्या लक्षात आणून द्या की या दोन रेषा तिन्ही कागदांवर अगदी तशाच दिसतात. झूम केल्याने मध्यातून जाणारी रेषा बदलत नाही. बदलतो तो फक्त वक्र. मग प्रत्येक कागदाच्या कडेला वक्र आणि रेषा यांच्यात किती फट उरते, ते मोजा.

| | निळी, उजवी कड | निळी, डावी कड | लाल, उजवी कड | लाल, डावी कड |
|---|---|---|---|---|
| कागद 1 | 5 सेमी | 5 सेमी | 4.5 सेमी | 5.5 सेमी |
| कागद 2 | 5 मिमी | 5 मिमी | 0 | 10 मिमी |
| कागद 3 | 0.5 मिमी | 0.5 मिमी | 4.5 मिमी | 5.5 मिमी |

कागद 1 च्या डाव्या कडेला रेषा कागदावर नाहीत, म्हणून तिथली फट गणिताने काढावी लागते. वक्र मध्यापासून 5 सेमी खाली आहे, निळी रेषा 10 सेमी खाली असती आणि लाल 10.5 सेमी.

दुसऱ्या कागदावर थांबा. तिथे उजव्या कडेला लाल रेषा वक्राला बरोबर मिळते आणि निळी 5 मिमी दूर राहते. ‘मग लाल जास्त चांगली ना?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. नाही विचारलं, तर तुम्ही विचारा. लाल रेषा (1, 1) आणि (1.1, 1.21) या दोन बिंदूंना जोडणारी छेदिका आहे, म्हणून ती त्या कडेला जुळते. पण त्याची किंमत तिला डावीकडे मोजावी लागते, तिथे फट 10 मिमी आहे. शिवाय तिसऱ्या कागदावर उजवीकडे ती पुन्हा साडेचार मिलिमीटरने सुटते. पुढच्या कागदांवर लाल रेषेची फट दोन्हीकडे 5 मिमीच्या आसपास अडकून राहते आणि कितीही झूम केलं तरी मिटत नाही. निळ्या रेषेची फट मात्र प्रत्येक कागदावर दहापट कमी होते. तिसऱ्या कागदावर ती पेन्सिलच्या रेघेएवढी उरली आहे.

आता फळ्यावर हे वाक्य लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा :

बिंदूपाशी झूम करत गेल्यावर, वक्र आणि रेषा यांच्यातली चित्रात दिसणारी फट जिच्या बाबतीत मिटत जाते, ती त्या बिंदूतली स्पर्शिका.

या वाक्यात ‘एकाच बिंदूत’ असं कुठेही आलेलं नाही. ते का आलं नाही, हे आता मुलांनीच सांगावं.

दुसरी तासिका : हेच बीजगणिताने

तीन कागदांवरून सिद्धता होत नाही. चौथ्या, पाचव्या कागदावरही असंच होईल याची खात्री बीजगणित देतं, आणि त्याला मुलांना आधीपासून येणारा विस्तार पुरतो. x = 1 + h असताना वक्राची उंची :

```
(1 + h)^2 = 1 + 2h + h^2
```

यातला 1 + 2h हा भाग म्हणजे निळी रेषा आणि उरलेला h² म्हणजे फट. आता मध्यापासून कडेपर्यंतचं h हे अंतर आपण कागदावर नेहमी 5 सेमीचं काढतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट 5/h पट मोठी होते. तेव्हा कागदावर दिसणारी फट :

```
h^2 × (5/h) = 5h   (सेमी)
```

h च्या जागी 1, 0.1, 0.01 घातले की 5 सेमी, 5 मिमी, 0.5 मिमी, म्हणजे मुलांनी मोजलेलीच मापं. आता चढ 2 ऐवजी m घ्या. कागदावरची फट होते :

```
5(2 − m) + 5h   (सेमी)
```

झूम वाढवलं की दुसरा भाग लहान लहान होत जातो. पहिल्या भागात h नाहीच, त्यामुळे झूमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो नाहीसा होतो तो फक्त m = 2 असताना. लाल रेषेसाठी m = 2.1 घातला की पहिला भाग −0.5 सेमी येतो, म्हणजे तीच न मिटणारी 5 मिमीची फट. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की वक्र रेषेच्या खाली आहे. स्पर्शिका एकच का असते, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

‘वक्र सरळ झाला’ असं मुलं म्हणाली तर

हा गैरसमज या पद्धतीतूनच निर्माण होतो, म्हणून तो दूर करायची जबाबदारी तुमची. वक्र कुठेही सरळ होत नाही. h कितीही लहान घेतला तरी h² शून्य नसतो, फट असतेच. घडतं ते एवढंच की चौकट दहापट लहान होते तेव्हा खरी फट शंभरपट लहान होते, म्हणून चित्रात ती मागे पडत जाते. मुलांना कॅल्क्युलेटरवर h = 0.001 साठी वक्र आणि रेषा यांच्या उंची काढायला सांगा. 1.002001 आणि 1.002. शेवटचा 1 हा पुरावा आहे.

पडद्यावर दाखवायचं असेल तर

कागदाचं काम झाल्यावर पडदा आणा, आधी नको. जिओजेब्रा फुकट मिळतं आणि मोबाईलवरही चालतं. हे क्रमाने लिहा :

```
f(x) = x^2
A = (1, 1)
g(x) = 1 + 2*(x - 1)
k(x) = 1 + 2.1*(x - 1)
ZoomIn(10, A)
```

शेवटची आज्ञा पुन्हा दिली की A भोवती आणखी दहापट झूम होतं. g निळी करा, k लाल. सॉफ्टवेअरमध्ये `Tangent(A, f)` अशी तयार आज्ञा आहे, पण ती सगळ्यात शेवटी, पडताळा म्हणून द्या. आधी दिली तर मुलांना शोधायला काही उरत नाही.

तुमच्या सोयीप्रमाणे :

- प्रोजेक्टर असेल : तुम्ही झूम करा. प्रत्येक झूमआधी ‘आता फट कोणत्या रेषेची मिटेल?’ याचं उत्तर वहीत लिहून घ्या.
- फक्त तुमचा मोबाईल असेल : कागदाचं काम पूर्ण वर्गाला द्या आणि मोबाईल गटागटात फिरवा.
- वीज, नेटवर्क काहीच नसेल : पाठात काही उणं राहत नाही. तीन कागद आणि बीजगणित पुरेसं आहे.

पडदा फसवतो तेव्हा

- अक्षांचं प्रमाण बिघडणं. बोटाने चुकून एकच अक्ष ओढला गेला की चढ डोळ्यांना वेगळाच दिसतो. फक्त X-अक्ष ताणत गेलात तर कुठलाही नेहमीचा वक्र आडवा दिसू लागतो आणि मुलं चढ 0 सांगतात. आलेखाच्या सेटिंगमध्ये दोन्ही अक्षांचं प्रमाण 1 : 1 ठेवा. कागदावरही दोन्ही अक्षांना एकच प्रमाण देण्याचं कारण हेच.
- फार खोल जाणं. असं सॉफ्टवेअर साधारण 15-16 अंकांपर्यंतच आकडे धरून ठेवतं. त्याच्या जवळपास झूम केलं की आलेख पायऱ्यांसारखा किंवा तुटक दिसतो. तो वक्राचा गुण नव्हे. या पाठाला चार-पाच वेळा दहापट झूम भरपूर झालं.
- एका झूमवर निष्कर्ष काढणं. याचं उदाहरण पुढच्याच भागात आहे.

जिथे स्पर्शिका नसते

सगळे वक्र झूम केल्यावर रेषेला चिकटतात असा ग्रह करून मुलं बाहेर पडता कामा नयेत. त्यासाठी शेवटी दहा मिनिटं राखून ठेवा आणि `y = abs(x)` काढा. (0, 0) पाशी दहापट, शंभरपट, हजारपट झूम करा. चित्र जसंच्या तसं राहतं : उजवीकडे चढ 1, डावीकडे −1. पहिल्या तासिकेच्या तक्त्यात दोन्ही रकाने 2 कडे सरकत होते, इथे ते हलतच नाहीत. ही कोपऱ्याची खूण आहे, आणि तिथे स्पर्शिका नाही.

लगेच त्याच्या शेजारी `y = sqrt(x^2 + 0.0001)` काढा. −1 ते 1 या चौकटीत हा आलेखही कोपऱ्यासारखाच दिसतो. मुलं ‘इथेही नाही’ म्हणतील. आता (0, 0.01) या त्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूपाशी झूम करा. −0.01 ते 0.01 या चौकटीत तो गोलसर वाटीसारखा दिसू लागतो आणि आणखी दहापट झूम केल्यावर जवळजवळ आडवा. तिथे स्पर्शिका आहे, चढ 0. या दोन आलेखांतून मुलांना कळतं की एका चित्राचा भरवसा धरायचा नाही. झूम वाढवताना आकडे कुठे चालले आहेत ते पाहायचं आणि मग बीजगणिताने खात्री करायची.

हुशार गटाला आणखी एक द्या : y = x चं घनमूळ, बिंदू (0, 0). झूम करत गेलं की वक्र उभ्या रेषेला चिकटतो. स्पर्शिका आहे, पण तिला चढ नाही. अशा ठिकाणी विकलज मिळत नाही, हे त्यांना पुढे उपयोगी पडेल.

समजलं की नाही, हे कसं ओळखाल

व्याख्या म्हणून दाखवायला सांगू नका. हे तीन प्रश्न द्या आणि उत्तराबरोबर कारणही मागा.

1. y = x³ साठी (0, 0) मध्ये X-अक्ष ही स्पर्शिका आहे का? ‘नाही, कारण रेषा वक्राला ओलांडते’ असं उत्तर आलं तर वर्तुळाची जुनी प्रतिमा अजून पक्की आहे. अपेक्षित उत्तर : चौकटीची कड h वर असेल तर फट h³, कागदावर 5h² सेमी, ती मिटते, म्हणून ही स्पर्शिका आहे. वक्र तिला ओलांडून पलीकडे जातो, त्याने काही बिघडत नाही.
2. y = x² ला (1, 1) मध्ये x = 1 ही रेषा एकदाच भेटते. ती स्पर्शिका का नाही? ‘उभी आहे म्हणून’ हे कारण पुरेसं नाही. झूम केल्यावरही वक्र तिच्यापासून दूर निघून जातो, त्यांच्यातली फट मिटत नाही, असं उत्तर हवं.
3. y = x³ वर (1, 1) पाशी चढ किती? उजवीकडचे चढ 3.31, 3.0301 आणि डावीकडचे 2.71, 2.9701 असे येतात. केवळ ‘3’ लिहिणाऱ्याने सूत्र आठवलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा हे चार आकडे वहीत दिसायला हवेत.

पहिल्या प्रश्नात निम्म्याहून अधिक वर्ग चुकला तर पुढे जाऊ नका. तीन कागदांचं काम x³ आणि (0, 0) घेऊन पुन्हा करा. तयारी झालेली असल्याने ते अर्ध्या तासिकेत होतं.

पुस्तकाशी जोडताना

आता सीमा आणि विकलजाची व्याख्या लगेच घ्या, मधे फार दिवस जाऊ देऊ नका. फळ्यावर h सह उजवा चढ लिहा : वक्राची वाढ 2h + h² भागिले h, म्हणजे 2 + h. तक्त्यातले 3, 2.1, 2.01 हे याच सूत्रातले आकडे आहेत. डावा चढ 2 − h. h शून्याकडे नेला की दोन्ही 2 कडे जातात. पुस्तकातल्या व्याख्येत नेमकं हेच लिहिलेलं असतं. ती वाचताना मुलांना प्रत्येक चिन्ह कोणत्या मापाचं आहे ते तक्त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

एक सवय मात्र या टप्प्यावरच लावा. h = 0 थेट घालायचा नाही, आधी h ने भागून घ्यायचं. तसं केलं नाही तर 0 भागिले 0 येतं आणि मुलं तिथेच अडतात. कागदाच्या भाषेत सांगायचं तर चौकटीची रुंदी शून्य असलेला कागद काढताच येत नाही. प्रत्येक कागदावर h ला काहीतरी किंमत असतेच, आणि 2 हा आकडा आपण त्या सगळ्या कागदांवरून ठरवतो.

बारावीत ‘विकलजाचे उपयोजन’ शिकवताना स्पर्शिका आणि अभिलंब यांची समीकरणं येतात. तिथे मुलं पुष्कळदा चढ काढतात, पण रेषा कोणत्या बिंदूतून जाते ते विसरतात. तेव्हा त्यांना निळी रेषा कशी काढली होती एवढंच विचारा : आधी (1, 1) वर पेन्सिल टेकवली, मग 5 उजवीकडे, 10 वर. बिंदू आधी, चढ नंतर. y − 1 = 2(x − 1) हे समीकरण त्याच क्रमाने लिहून होतं.